मुहूर्ताची रेघ

देवळीच्या मेन रोडवर बी-बियाण्यांचं एक दुकान होतं आणि त्याच्या माडीवर गजेंद्रचं शेअरचं ऑफिस. छतावर डिशची छत्री, आत एक कॉम्प्युटर, भिंतीला टेकवलेले दोन बाक आणि बाकांच्या वर, टाचण्यांनी लावलेला आलेखाचा एक लांबलचक कागद. त्या कागदावर दोन रेघा असत. काळ्या पेन्सिलीची रेघ शेअरच्या भावाची. ती माकडासारखी वर-खाली उड्या मारायची. लाल रेघ मात्र सावकाश, म्हातारीनं जिना चढावा तशी चढायची. लोक काळीकडे बघत नसत, लालकडे बघत. "मावशीची रेघ कुठं हाय?" हा देवळीतला २००४ सालचा प्रश्न होता.

मावशी म्हणजे जयवंता झाडे. गजेंद्रची सख्खी मावशी, पण सगळं ऑफिसच तिला मावशी म्हणे. वय त्रेपन्न, अंगानं काटकुळी, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. तिच्या वडिलांचा तेलघाणा होता. त्यांनी मुलीला वर्ध्याच्या कॉलेजात घातलं ते गावाला पटलं नव्हतं. ती रोज बसनं जाऊन-येऊन बी.कॉम. झाली. लग्न केलं नाही. दोन स्थळं देण्याघेण्यावरून मोडली. तिसऱ्यानं पाहायला आल्या आल्या विचारलं की तुमचा पगार कुणाच्या हातात जाईल. तो पोहे खाऊन गेला आणि जयवंतानं तो विषयच बंद केला.

पगार होता तो वासुदेवरावांच्या डाळ मिलमधला. पंचवीस वर्षं तिनं तिथं एकच काम केलं, तुरीचा पडता काढायचं. पडता म्हणजे घेतलेला सगळा माल सरासरी काय भावानं पडला तो आकडा. मिलची रीत अशी की संक्रांत झाली की नव्या तुरीचा मुहूर्त व्हायचा. पहिल्या गाडीच्या बैलांना कुंकू, चाकाखाली नारळ आणि गाडीवाल्याला बाजारापेक्षा चढा भाव. त्या दिवसापासून रोज जेवढे क्विंटल आले आणि जेवढे रुपये गेले, त्यांची बेरीज चालू ठेवायची. एकूण रुपये भागिले एकूण क्विंटल, हा आजचा पडता. उद्याचा माल आला की दोन्ही बेरजा वाढवायच्या आणि पुन्हा भागायचं.

नव्यानं लागली तेव्हा जयवंतानं एकदा चूक केली होती. मुहूर्ताला पाच क्विंटल तूर दोनशे ऐंशीनं आली, दुसऱ्या दिवशी पंचाण्णव क्विंटल दोनशे चाळीसनं. तिनं दोनशे ऐंशी आणि दोनशे चाळीसची सरासरी मांडली, दोनशे साठ. वासुदेवरावांनी पाहिलं आणि ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, भावाले तोंड असते अन् वजनाले अंग. तोंड पाहून सोयरीक करू नये." तिनं पुन्हा मांडलं. चोवीस हजार दोनशे भागिले शंभर, दोनशे बेचाळीस. मुहूर्ताचा चढा भाव पाच क्विंटलांपुरताच होता, त्यानं पडत्याला फक्त दोन रुपयांचा धक्का दिला.

दुसरी गोष्ट वासुदेवराव सारखी सांगत, ती अशी की मुहूर्त एकदा झाला की झाला. एका वर्षी तूर मुहूर्तानंतर धाडकन उतरली. पडता वर आणि बाजार खाली. मुनीमजी म्हणाले की मुहूर्त होळीपासून धरू, म्हणजे पडता चांगला दिसेल. वासुदेवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मुनीमजींनी पान लावायला घेतलं.

वासुदेवराव हौशी होते. ब्याण्णव-चौऱ्याण्णवच्या काळात, जेव्हा पानठेल्यावरही शेअरचे फॉर्म मिळत, तेव्हा त्यांनी बरेच घेतले. फॉर्म भरायचे ते जयवंतानं आणि कागदी शेअर लोखंडी कपाटात ठेवायचे तेही तिनंच. त्यांतले बरेचसे पुढं रद्दीत गेले. जयवंताला तेव्हाच वाटे की हे लोक भाव बघतात, पण घेणाऱ्यांचा पडता कुणी बघत नाही. पण तेव्हा पेपरात नुसता भाव यायचा, माल किती फिरला ते कळायचं नाही, आणि वजनाशिवाय पडता निघत नाही. वासुदेवराव गेले, पोरांनी मिल विकली आणि २००१ मध्ये जयवंता घरी बसली.

गजेंद्र हा तिची मोठी बहीण कमला हिचा मुलगा. आष्टीहून आठवीत असताना देवळीला आला तो बारावी होईपर्यंत मावशीकडंच राहिला. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. जयवंतानं दोन वर्षं रोज एक पान घोटून घेतलं, आकडे तर विशेष. तिच्या चारला वर एक छोटी शेंडी असे, तिचा सात पोटात वाकलेला. पुढं गजेंद्रचे आकडे आणि मावशीचे आकडे शेजारी ठेवले, तर कमलालाही ओळखता येत नसत. त्या गोष्टीचा जयवंताला अभिमान होता.

२००२ मध्ये त्यानं माडीवर ऑफिस टाकलं आणि मावशीला बोलावलं. मिलमध्ये जे करत होतीस तेच इथं कर, फक्त तुरीच्या जागी शेअर. कॉम्प्युटर रोज संध्याकाळी एक यादी काढून द्यायचा. कोणत्या कंपनीचे किती शेअर फिरले आणि किती रुपयांची उलाढाल झाली. जयवंतानं ती यादी पाहिली आणि तिला मिलचं आवार आठवलं. हे तर क्विंटल आणि रुपयेच झाले.

मुहूर्त कोणता धरायचा याचा विचार तिनं दोन दिवस केला. मग ठरवलं, कंपनीच्या निकालाचा दिवस. तीन महिन्यांचा नफा-तोटा जाहीर होतो त्या दिवशी कंपनीबद्दल नवी गोष्ट कळते आणि खरेदी-विक्रीची झुंबड उडते. त्याआधी ज्यांनी घेतले त्यांनी अंधारात घेतले. निकालानंतर ज्यांनी घेतले त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतले. त्या सगळ्यांचा मिळून पडता म्हणजे ही लाल रेघ. भाव रेघेच्या वर असला की निकालानंतरचा सरासरी घेणारा फायद्यात. भाव उतरत उतरत रेघेपाशी आला की तो म्हणतो, माझं मुद्दल तर शाबूत आहे, अजून थोडे घेतो. ज्याचे घ्यायचे राहिले होते तोही तिथंच हात पुढं करतो. म्हणून भाव बरेचदा रेघेला टेकून वर फिरतो. आणि फिरला नाही, रेघेखाली गेला, तर सरासरी घेणारा तोट्यात गेला. मग तो आधार देत नाही, सुटायला पाहतो.

लोक त्या रेघेला भिंत समजायला लागले, तेव्हा जयवंतानं खडसावलं होतं. रेघ कुणाला धरून ठेवत नाही, ती फक्त सांगते. तिनं एकच नियम बाकावरच्या सगळ्यांना पाठ करायला लावला. लागोपाठ दोन दिवस भाव रेघेखाली बंद झाला, की तिसऱ्या दिवशी सकाळी विकून मोकळं व्हायचं, रडायचं नाही.

२७ ऑक्टोबर २००४ ला नीलकेतन पेपर या कंपनीचा निकाल आला. एरवी दिवसाला तीस-पस्तीस हजार शेअर फिरायचे, त्या दिवशी चार लाख फिरले, सरासरी बासष्टनं. जयवंतानं नवा कागद लावला आणि डाव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणं लिहिलं, 'मुहूर्त : २७ ऑक्टोबर'. दुसऱ्या दिवशी तीन लाख शेअर पासष्टनं. रेघ त्रेसष्टच्या थोडी वर. मग भाव चढत गेला आणि रेघ त्याच्या मागं. डिसेंबरच्या मध्याला भाव अठ्ठ्याहत्तरवरून घसरला, नेमका रेघेपाशी आला आणि तिथून पुन्हा उचलला. त्या दिवशी खालच्या चहावाल्या तानबानं सगळ्या ऑफिसला फुकट चहा पाजला. तो म्हणाला, मावशीची रेघ म्हणजे रेल्वेचा रूळ हाय.

तेव्हा देवळीतल्या अकरा जणांनी नीलकेतन घेतले होते. त्यांत यशोदाबाई होत्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ कापलेली बाई. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून हजार शेअर बहात्तरनं घेतले होते. त्या पैशातून त्यांना घरावर स्लॅब टाकायचा होता. घेताना त्या कॉम्प्युटरकडं वळल्याही नाहीत. जयवंताला विचारलं, "तुमची रेघ आहे तवर राहू ना?" जयवंता म्हणाली, "रेघ आहे तवर राहा. रेघ तुटली की मी सांगीन." तिनं तसं सांगायचं कबूल केलं होतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

डिसेंबरच्या शेवटी गजेंद्र म्हणाला की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन एक तारखेला ठरवलं आहे, मावशी, आठ दिवस तू आष्टीला जा, तुझ्याशिवाय तिचं कुणाशी पटत नाही. जयवंतानं एकतीस डिसेंबरची बेरीज केली. निकालापासून साठ लाख शेअर फिरले होते, पडता एकाहत्तर रुपये चाळीस पैसे. तिनं लाल ठिपका दिला, रजिस्टर घरी ठेवलं आणि शनिवारी आष्टीची बस पकडली.

कमला डोळ्याला हिरवी पट्टी बांधून पडली होती आणि कुरकुरत होती. बोलता बोलता म्हणाली की ऑपरेशन तर संक्रांतीनंतर करायचं ठरलं होतं, गजूनंच घाई केली, आताच कर म्हणे. जयवंतानं ते ऐकलं, पण ऐकलं नाही. माणूस आपल्या हातानं वाढवलेल्या पोराबद्दल असंच बहिरं असतं.

रोज संध्याकाळी ती बाजारातल्या एसटीडीवरून फोन करायची. नीलकेतनसारख्या लहान कंपनीचा भाव मराठी पेपरात येत नसे. गजेंद्र म्हणायचा, "रेघेच्या वर आहे, मावशी. तू आईकडं पाह्य." संख्या आणि उलाढाल सांग म्हटलं की म्हणायचा, मी कागदावर भरून राह्यलो ना, तू आली की तपासून घेजो. बुधवारी बाजार पडला अशी बातमी रेडिओवर होती. तिनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

रविवारी संध्याकाळी ती देवळीला परतली आणि सोमवारी, दहा जानेवारीला, बाजार उघडायच्या आधीच माडी चढली. बाकावर तानबा, यशोदाबाई आणि आणखी तिघं-चौघं बसलेले. भिंतीवर कागद होता. जयवंतानं पिशवी खाली ठेवली आणि नाकावरचा चष्मा वर सरकवला.

काळी रेघ अडुसष्टवर होती. लाल रेघ तिच्याही खाली, सदुसष्ट रुपये बत्तीस पैसे.

ती एकाहत्तर चाळीसवर सोडून गेली होती.

तिनं जवळ जाऊन पाहिलं. चारला शेंडी होती, सात पोटात वाकलेला होता. कोपऱ्यात तिच्याच वळणाच्या अक्षरात होतं, 'मुहूर्त : निकाल'. तारीख नव्हती. कागद नवा होता, टाचण्याही नव्या.

गजेंद्र आतल्या खोलीतून आला, आईचं कसं आहे विचारलं. तिनं ते बाजूला सारलं.

"गज्या, हा कागद कोणाचा?"

"तुहाच. जुना भरला होता, मी नवा लावला."

"माही रेघ एकाहत्तरवर होती. सदुसष्टवर कशी आली?"

"भाव पडला, मावशी. भाव पडला की रेघ पडते, तूच शिकवलं."

बाकावरचे ऐकत होते. जयवंता तानबाकडं वळली आणि विचारलं, "तानबा, तुया गंजातला चहा कडक गोड आहे. त्यात फिक्का चहा ओतला तर काय होईल?" तानबा म्हणाला, कमी गोड होईल. "अन् फिक्क्याहून फिक्का होईल का?" तानबा विचार करून म्हणाला, थो कसा होईल, कितीही ओतला तरी. "मग एकाहत्तरच्या सरासरीत अडुसष्टचा माल ओतून सदुसष्ट कसा निघाला? सारी कंपनी विकून टाकली तरी अडुसष्टच्या खाली जात नाई."

गजेंद्र हसला. तो हसला तेव्हा तिला समजलं.

तिनं त्या आठवड्याच्या याद्या मागितल्या. त्यानं दिल्या, न देऊन सांगतो कुणाला. ती टेबलाशी बसली. पाच दिवसांत दहा लाख शेअर फिरले होते. त्यांतले पाच लाख एकट्या बुधवारी, एकोणसत्तरच्या सरासरीनं. तिनं आपल्या बेरजांत ते मिळवले आणि भागलं. एकाहत्तर रुपये बारा पैसे. आठ दिवसांत रेघ अठ्ठावीस पैसे उतरली होती, फक्त अठ्ठावीस पैसे. आणि भाव बुधवारी तिच्याखाली बंद झाला होता, गुरुवारीही. म्हणजे नियमाप्रमाणं शुक्रवारी सकाळीच सगळ्यांनी बाहेर पडायला हवं होतं.

मग सदुसष्ट बत्तीस कुठून आलं, तेही तिनं शोधलं. तिला दहा मिनिटं लागली. गजेंद्रनं रेघ ऑक्टोबरच्या निकालापासून नाही, त्याच्या आधीच्या, जुलैच्या निकालापासून मांडली होती. तेव्हा भाव पन्नाशीत होता. ते वीस लाख स्वस्त शेअर बेरजेत आले आणि रेघ अलगद भावाच्या खाली जाऊन बसली. बाकावरच्या माणसाला दिसत होतं की भाव रेघेला टेकला आहे, आधार मिळाला आहे. गणितात एक पैशाची चूक नव्हती. फक्त मुहूर्त बदलला होता.

याद्यांच्या फाइलमागं सौद्यांच्या पावत्यांची फाइल होती. तीही रोज तीच लावायची, म्हणून सवयीनं हात गेला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. नीलकेतन पेपर, विक्री. अडीच हजार, दोन हजार, दीड हजार. नाव हर्षाचं. हर्षा म्हणजे गजेंद्रची बायको.

जयवंता आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

"हर्षाचे विकले तू."

त्यानं नाकारलं नाही. खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. मग तो हळू आवाजात बोलला, जसा बारावीत नापास झाला तेव्हा बोलला होता तसा. दहा हजार होते, सहा गेले, चार राहिले आहेत. लहान कंपनी आहे, घेणारे थोडे. "सारे एकाच दारातून निघाले असते तर कोणीच निघालं नसतं, मावशी. मले घर आहे. आजचा दिवस गप राह्य. उद्या तूच सांग त्याइले."

"मले आष्टीले काऊन धाडलं?"

"भाव पुन्हा रेघेपाशी आला होता. तुटली असती तर तू त्याच दिवशी साऱ्याइले सांगतलं असतं." तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला.

"कमलीचा डोळा पिकला नव्हता, गज्या. तू माह्यासाठी आपल्या मायचा डोळा कापला."

"जुलैचाही निकालच होता," तो म्हणाला. "मी खोटं काय लिहिलं?"

"तारीख भाव पडायच्या आधी ठरते. पडल्यावर ठरवली तर थे रेघ नाई, बहाणा आहे."

ती बाहेर आली. बाजार उघडला होता, भाव सदुसष्ट नव्वद. तिनं लाल पेन्सिल घेतली, त्याच कागदावर एकाहत्तर बारावर ठिपका दिला, कोपऱ्यातला 'निकाल' खोडला आणि '२७ ऑक्टोबर' लिहिलं. मग बाकावरच्या लोकांना सांगितलं की खरी रेघ ही आहे, ती बुधवारीच तुटली, आज विकून टाका. भाव अजून अडुसष्टच्या आसपास आहे. चार-पाच रुपयांचं नुकसान घ्या आणि घरी जा. तिनं स्वतःचे दोनशे तिथंच विकायला लावले.

गजेंद्र दारात उभा राहिला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो सगळ्यांकडं पाहून म्हणाला, "मायचं डोळ्याचं झालं, आता मावशीचंही करा लागते. तिले दोन-दोन रेघा दिसून राह्यल्या."

लोक हसले. वाईटपणानं नाही, माणूस विनोदावर हसतो तसे. पण त्या हसण्यात जयवंताची पंचवीस अधिक दोन वर्षं वाहून गेली. मग गजेंद्रनं समजावून सांगितलं की दोन्ही रेघा बरोबर आहेत, पण लांबची रेघ जास्त पक्की असते, तिच्यात जास्त शेअरांचं वजन आहे. ऐकायला ते शहाणपणाचं होतं. आणि त्या शहाणपणात तोटा घ्यायला लागत नव्हता, मग कुणाला नको असेल?

तानबानं विकले. तो म्हणाला, मले गणित नाई समजत, चहा समजते. बाकीचे थांबले.

यशोदाबाई उठल्या नाहीत. जयवंता त्यांच्याजवळ जाऊन बसली. तेव्हा कळलं की गुरुवारी, भाव रेघेपाशी आला म्हणून, त्यांनी आणखी पाचशे घेतले होते, अडुसष्टनं.

"तुमच्या हातचा आकडा पाहून घेतले मी," यशोदाबाई म्हणाल्या. "आता तुमीच म्हणता का थो हात तुमचा नव्हता. मंग आज जो ठिपका देला थो कोणाच्या हातचा? मी काय ओळखू?"

जयवंताला तेव्हा एक गोष्ट सांगता आली असती. हर्षाच्या पावत्या फाइलीत होत्या, तीन पावलांवर. त्या काढून यशोदाबाईंच्या मांडीवर ठेवल्या असत्या तर त्यांनी त्याच मिनिटाला विकलं असतं. पण हर्षा कमलाची सून होती, आणि कमला आष्टीला डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. जयवंताला वाटलं, घरचं घरात राहू द्यावं. आकडा खरा आहे, तेवढा पुरे. पंचवीस वर्षं खरा आकडा पुरला होता. तिनं पुन्हा एकदा सरासरी समजावून सांगितली आणि पावत्यांचं गिळलं.

यशोदाबाईंनी विकलं नाही.

गजेंद्रचे उरलेले चार हजार दोन दिवसांत गेले. चोवीस जानेवारीला नीलकेतनचा पुढचा निकाल आला. नफा अर्ध्यावर. भाव तीन दिवसांत एकावन्नवर. भिंतीवरचा कागद कुणी काढला ते कळलं नाही. जयवंता त्याआधीच माडीवर जायची बंद झाली होती.

गाव असं की दोष कुणाला द्यायचा हे ते सोयीनं ठरवतं. गजेंद्र हसून बोलणारा, लग्नकार्यात पुढं असणारा. रेघ तर मावशीची होती, सारं देवळी तिला मावशीचीच म्हणत आलं होतं. म्हणून बुडाले ते मावशीच्या रेघेनं बुडाले. कमलानं पट्टी सोडल्यावर पहिलं पत्र लिहिलं ते बहिणीला. माझ्या लेकाला चारचौघांत उघडं पाडलंस, असं त्यात होतं. पुढचं पत्र आलं नाही. गजेंद्रनं वर्षभरात वर्ध्याला मोठं ऑफिस घेतलं. दिवाळीला तो डबा घेऊन आला. जयवंतानं दार उघडलं, प्रकृती विचारली आणि डबा त्याच्याच हातात राहू दिला.

रजिस्टर मात्र तिनं बंद केलं नाही. वर्ध्याच्या एका दुकानात इंटरनेट आलं होतं. ती दर शनिवारी जाऊन आठवड्याचे आकडे उतरवून आणायची आणि नीलकेतनची रेघ २७ ऑक्टोबरपासूनच पुढं ओढायची. कुणी विचारत नव्हतं. पण मुहूर्त केला होता तिनं, तो निस्तरायलाही तीच हवी. स्वस्तात फिरलेले शेअर बेरजेत येत गेले तशी रेघ उतरत गेली. पासष्ट, त्रेसष्ट, शेवटी साठच्या जवळ.

२००८ च्या जानेवारीत, सगळा बाजार चढलेला असताना, नीलकेतन हळूहळू साठवर आला. तीन वर्षांत पहिल्यांदा भाव रेघेला खालून भिडत होता. जयवंताला ठाऊक होतं की आता हीच रेघ आधार नाही, अडसर आहे. तीन वर्षं अडकलेली माणसं मुद्दल सुटतंय म्हटल्यावर इथंच विकणार, आणि भाव इथून मागं फिरणार. ती रजिस्टर काखेत मारून यशोदाबाईंकडं गेली. घरावर अजून कवेलूच होती, स्लॅब पडला नव्हता.

यशोदाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. जयवंतानं उभ्या उभ्याच सांगितलं, भाव रेघेला लागला आहे, उरले असतील तर आज विका.

"माह्ये कवाच गेले," यशोदाबाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसनं. पोरीच्या बाळंतपणात."

त्यांनी बसा म्हटलं नाही. सुपातले खडे वेचत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "तानबानं मले मागून सांगतलं हर्षाच्या कागदाइचं, चहा द्यायले गेला तवा दिसले म्हणे. तुमाले थ्या दिवशी मालूम होतं ना?"

जयवंता म्हणाली, होतं.

"रेघ सांगतली तुमी," यशोदाबाई म्हणाल्या, "हर्षाचं नाई सांगतलं."

भाव त्या आठवड्यात एकसष्टला लागून फिरला आणि महिनाअखेरीला चाळीसवर होता. रेघ बरोबर निघाली. जयवंतानं शनिवारी आकडे उतरवून आणले, बेरीज केली, भागलं आणि खाली तारीख घातली. त्यानंतरची पानं कोरी आहेत.